जुने मराठी चित्रपट कायदेशीरपणे कसे पाहावेत : ‘श्यामची आई’च्या निमित्ताने कॉपीराइटचा हिशेब

एखादा जुना चित्रपट ‘पब्लिक डोमेन’मध्ये आहे, म्हणजे कॉपीराइटची मुदत संपून तो मुक्त झाला आहे, असे म्हणताना आपण बहुतेक वेळा तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र करून टाकतो. चित्रपट कोणत्या देशाच्या कायद्याने मुक्त झाला आहे, त्यातला कोणता भाग मुक्त झाला आहे आणि आपल्याला त्याचे नेमके काय करायचे आहे, हे ते तीन प्रश्न होत. यांतला शेवटचा प्रश्न आधी सोडवला, तर उरलेल्या दोघांची गरज पुष्कळदा पडतच नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

पहिली पायरी : घरी पाहायचा आहे, दाखवायचा आहे, की अपलोड करायचा आहे?

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याने चित्रपटाच्या मालकाला काही ठरावीक हक्क राखून दिले आहेत. चित्रपटाची प्रत काढणे, ती विकणे किंवा व्यापारी तत्त्वावर भाड्याने देणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचवणे, असे त्यांचे साधारण स्वरूप आहे. घरात बसून चित्रपट पाहण्याची कृती या यादीत नाही. त्यामुळे हक्कदाराने स्वतः उपलब्ध करून दिलेला चित्रपट आपण घरी पाहत असू, तर तो 1936 चा असो की 2006 चा, पब्लिक डोमेनचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. फाइल उतरवून घेणे हे मात्र प्रत काढणे आहे, सोसायटीच्या सभागृहात पडदा लावणे हे लोकांना दाखवणे आहे आणि स्वतःच्या वाहिनीवर चढवणे म्हणजे तर दोन्ही एकदम. ‘मी पैसे घेत नाही’ या उत्तराने यांतली कोणतीही गोष्ट आपोआप कायदेशीर होत नाही, हे इथेच सांगून ठेवलेले बरे, कारण जुन्या चित्रपटांच्या प्रेमातून होणाऱ्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात.

दुसरी पायरी : हक्कदाराने ठेवलेली प्रत आधी शोधा

घरी पाहण्यासाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अधिकृत वाहिन्या. राजश्री, शेमारू, अल्ट्रा यांसारख्या कंपन्यांनी जुन्या चित्रपटांचे हक्क वर्षानुवर्षे विकत घेतलेले आहेत आणि त्यांतले पुष्कळ चित्रपट त्यांच्या यूट्यूब वाहिन्यांवर जाहिरातींसह फुकट पाहता येतात. अल्ट्रा झकास हे खास मराठीसाठीचे सशुल्क व्यासपीठ आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुने मराठी चित्रपट लागत असतात, आणि प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वेव्हज्’ नावाचे स्वतःचे ओटीटी सुरू केले आहे, तेही चाळून पाहावे. यांपैकी कुठेही चित्रपट सापडला नाही, तर मूळ कंपनीची डीव्हीडी जुन्या बाजारातून विकत घेणे हा पूर्णपणे वैध मार्ग आहे. अस्सल डिस्क एकाने विकून दुसऱ्याने घेतली, म्हणजे नवी प्रत तयार होत नाही.

अधिकृत नसलेले अपलोड ओळखणे फारसे अवघड नाही. चित्राच्या कोपऱ्यात दुसऱ्याच वाहिनीचे बोधचिन्ह धूसर करून झाकलेले असते, चित्राच्या कडा वाजवीपेक्षा जास्त कापलेल्या असतात, किंवा यंत्राला ओळख पटू नये म्हणून संपूर्ण चित्र आरशासारखे उलटे केलेले असते. शर्टाची बटणे चुकीच्या बाजूला दिसली किंवा दुकानाची पाटी उलटी वाचावी लागली, की समजावे. कधी वेग किंचित वाढवलेला असतो आणि ओळखीचे गाणे अर्ध्या स्वराने वर चढल्यासारखे वाटते. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी अशी प्रत पाहणे म्हणजे त्या चित्रपटावर अन्यायच आहे.

अधिकृत प्रतही पूर्ण असेलच असे नाही आणि ते तपासण्याचे साधन पुष्कळदा चित्रपटाच्या सुरुवातीलाच असते. सेन्सॉर प्रमाणपत्र पडद्यावर आले, की तिथे थांबून रिळांची संख्या आणि लांबी वाचावी. 35 मिमी बोलपटाची फिल्म मिनिटाला 90 फूट, म्हणजे साधारण 27.4 मीटर या वेगाने धावते. प्रमाणपत्रावर 12,000 फूट लिहिले असतील, तर चित्रपट सुमारे 133 मिनिटांचा असायला हवा. आपल्यासमोरची प्रत 128 मिनिटांची निघाली, तर लगेच कापाकापीचा आरोप करू नये. सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित केलेला चित्रपट आपल्याकडच्या टीव्हीसाठी आणि काही डीव्हीडींसाठी 25 चौकटींनी चालवला जातो आणि त्यात चार टक्के वेळ आपोआप कमी होतो. प्रत 110 मिनिटांची असेल, तर मात्र एखाद-दुसरे गाणे किंवा प्रसंग गेला आहे असे समजून दुसरी प्रत शोधावी.

तिसरी पायरी : वर्ष ठरवा आणि 61 मिळवा

हक्कदाराची प्रत सापडत नाही, किंवा आपल्याला पाहण्यापलीकडे काही करायचे आहे, तेव्हाच पब्लिक डोमेनचा हिशेब मांडायचा. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट तो प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षे टिकतो. त्यामुळे मुदत नेहमी 31 डिसेंबरला संपते. सोपी रीत अशी, की प्रदर्शनाच्या वर्षात 61 मिळवावेत. जे वर्ष येईल, त्याच्या 1 जानेवारीपासून चित्रपट मुक्त होतो. 1965 मध्ये प्रदर्शित झालेले चित्रपट या हिशेबाने 1 जानेवारी 2026 रोजी मुक्त झाले.

आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ घेऊ. हा चित्रपट मार्च 1953 मध्ये प्रदर्शित झाला. 1953 मध्ये 61 मिळवले, की 2014 येते. म्हणजे चित्रपट म्हणून त्याचा कॉपीराइट 31 डिसेंबर 2013 रोजी संपला. इथे एक चूक सहज होते. या चित्रपटाला पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि ते पुरस्कार दिले गेले 1954 मध्ये. त्यामुळे अनेक याद्यांत त्याच्या नावापुढे 1954 लिहिलेले आढळते आणि हिशेब एका वर्षाने चुकतो. याउलट, सेन्सॉर प्रमाणपत्रावरची तारीखही डोळे मिटून घेऊ नये. चित्रपट नंतर पुन्हा प्रदर्शित करताना नवे प्रमाणपत्र घेतलेले असेल, तर आपल्याला दिसणारी तारीख मूळ प्रदर्शनाच्या कित्येक वर्षांनंतरची असू शकते. आणि डिसेंबरात प्रमाणपत्र मिळून जानेवारीत पडद्यावर आलेला चित्रपट जानेवारीच्या वर्षाचा धरायचा. त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या चित्रपटगृहांच्या जाहिराती हा या बाबतीत सर्वांत भरवशाचा पुरावा असतो.

एका जुन्या वळणाचा उल्लेख इथे करायलाच हवा. पूर्वी ही मुदत 60 नव्हे, तर 50 वर्षे होती. 1941 साली निधन पावलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याचा कॉपीराइट 1991 च्या अखेरीस संपणार होता. त्याच्या तोंडावर, 28 डिसेंबर 1991 पासून, मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. पण जे आधीच मुक्त झाले होते, ते या वाढीने परत बांधले गेले नाही. म्हणून 1940 पर्यंतच्या चित्रपटांना जुना, 50 वर्षांचा हिशेब लागतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 चा, म्हणून तो 1 जानेवारी 1987 पासूनच मुक्त आहे, 1997 पासून नव्हे. आज भारतात पाहणाऱ्याला या दहा वर्षांनी काही फरक पडत नाही, पण अमेरिकेतल्या मराठी माणसाला पडतो. तो कसा, ते पुढे येईल.

चौथी पायरी : चित्रपटाच्या आत काय काय आहे ते मोजा

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि माझ्या मते लोक सर्वांत कमी लक्षही इथेच देतात. कायद्याच्या दृष्टीने चित्रपट ही एक वस्तू आहे आणि तिचा कर्ता निर्माता. पण ज्या कथेवर, पटकथेवर, गीतांवर आणि संगीतावर ती उभी आहे, त्या प्रत्येकाचा स्वतंत्र कॉपीराइट असतो आणि चित्रपटाच्या कॉपीराइटमुळे त्याला बाधा येत नाही, असे कायद्याच्या 13 व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. या घटकांची मुदत प्रदर्शनावर मोजत नाहीत, तर कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे अशी मोजतात. रीत तीच, फक्त 61 मृत्यूच्या वर्षात मिळवायचे.

‘श्यामची आई’ला हे लावून पाहू. मूळ पुस्तक साने गुरुजींचे. ते 11 जून 1950 रोजी गेले, म्हणून पुस्तक 1 जानेवारी 2011 पासून मुक्त आहे आणि आज ते कोणीही छापू शकते. चित्रपटाची पटकथा आणि ‘भरजरी गं पीतांबर’सारखी गीते अत्र्यांची. अत्रे 13 जून 1969 रोजी गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2029 च्या अखेरपर्यंत चालू राहील. संगीत वसंत देसाईंचे. ते डिसेंबर 1975 मध्ये गेले, म्हणून चालींवरचा हक्क 2035 च्या अखेरपर्यंत. म्हणजे पुस्तक मुक्त, चित्रपट मुक्त, पण त्यातली पटकथा, गीतांचे शब्द आणि चाली अजून मुक्त नाहीत. एकाच रिळावर चार वेगवेगळ्या मुदती.

याचा व्यवहारात अर्थ काय? घरी पाहणाऱ्याला काहीच नाही. एखाद्याला साने गुरुजींच्या पुस्तकावरून नवा चित्रपट काढायचा असेल, तर त्याला परवानगी लागत नाही, पण अत्र्यांनी पटकथेत स्वतःचे जे प्रसंग आणि संवाद घातले, ते उचलता येणार नाहीत. एखाद्याला चित्रपटातले गाणे नव्या आवाजात गाऊन प्रसिद्ध करायचे असेल, तर शब्द आणि चाल या दोन्हींच्या हक्कदारांकडे जावे लागेल.

‘संत तुकाराम’मध्ये हीच गोष्ट आणखी चकवणारी आहे. तुकोबांचे अभंग अर्थातच सर्वांचे. पण त्याच चित्रपटातले ‘आधी बीज एकले’ हे गीत शांताराम आठवले यांनी लिहिले आहे आणि ते इतके बेमालूम उतरले आहे, की भल्याभल्यांना तो तुकोबांचाच अभंग वाटला. आठवले 1975 मध्ये गेले. म्हणजे ज्या चित्रपटाचा स्वतःचा कॉपीराइट 1986 च्या अखेरीस संपला, त्यातल्या सर्वांत ओळखीच्या ओळींवरचा हक्क 2035 च्या अखेरपर्यंत राहणार आहे. अभंग समजून त्या बिनधास्त वापरणाऱ्याला हे ठाऊक असलेले बरे.

पटकथा नेमकी कोणाची, हा वादही केवळ तात्त्विक नाही. सत्यजित राय यांच्या ‘नायक’ची पटकथा कादंबरीच्या रूपात प्रसिद्ध झाली, तेव्हा निर्मात्याच्या बाजूने दावा दाखल झाला. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पटकथेवरचा हक्क रायांचा आणि त्यांच्या वारसांचा, निर्मात्याचा नव्हे, असे ठरवले. जुन्या चित्रपटाबद्दल परवानगी मागताना ‘आम्ही निर्मात्याच्या वारसांना विचारले’ एवढे पुरेसे का नसते, ते यावरून दिसते.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे आपल्या हातातली प्रत मूळची आहे की तिच्यात नंतर भर पडली आहे. 1960 चा ‘मुघल-ए-आझम’ 2004 मध्ये संपूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. मूळ, बहुतांश कृष्णधवल चित्रपटाची मुदत संपली, म्हणून रंगवलेली आवृत्तीही मुक्त झाली असे धरून चालू नये. मूकपटाला नव्याने दिलेले पार्श्वसंगीत आणि नव्याने लिहिलेली उपशीर्षके यांनाही स्वतःची, आज सुरू होणारी मुदत असते. मुक्त चित्रपट वापरायचा असेल, तर जुनी, साधी प्रत घ्यावी आणि उपशीर्षके स्वतः लिहावीत.

पाचवी पायरी : अपलोड करायचे असेल तर देश बदलतो

इंटरनेटवर ठेवलेली फाइल पुण्यात पाहिली जाते, तशी न्यू जर्सीतही पाहिली जाते. बहुतेक मोठी संकेतस्थळे अमेरिकी कायद्याखाली चालतात. अमेरिकेत त्या काळातल्या चित्रपटांची मुदत प्रकाशनापासून 95 वर्षे आहे, म्हणजे तिथे वर्षात 96 मिळवायचे. शिवाय 1 जानेवारी 1996 या दिवशी जी परदेशी कृती तिच्या मायदेशात संरक्षित होती, तिला अमेरिकेने आपल्याकडचा गमावलेला कॉपीराइट परत दिला. ‘श्यामची आई’ त्या दिवशी भारतात संरक्षित होता. त्यामुळे भारतात 2014 पासून मुक्त असलेला हा चित्रपट अमेरिकेत 2048 च्या अखेरपर्यंत बांधलेला राहतो. ‘संत तुकाराम’ मात्र त्या दिवसाआधी नऊ वर्षे भारतात मुक्त झालेला होता, म्हणून त्याला ही संजीवनी मिळाली नाही. मघाचा 1940 आणि 1941 मधला फरक इथे उपयोगी पडतो.

उलट दिशेनेही हिशेब वेगळा येतो. परदेशी चित्रपटाला भारतात भारताचीच 60 वर्षांची मुदत मिळते आणि मायदेशातली मुदत त्याहून कमी असेल, तर तेवढीच. म्हणून 1950 चा अमेरिकी चित्रपट तिकडे बांधलेला असला, तरी चित्रपट म्हणून भारतात मुक्त असतो. कथा आणि संगीताचा हिशेब अर्थातच निराळा करायचा.

फाइल शोधताना हा फरक संकेतस्थळांवरच दिसतो. archive.org वर कोणीही काहीही चढवू शकते आणि तिथे हक्काच्या रकान्यात लिहिलेले ‘Public Domain’ हे चढवणाऱ्याचे मत असते, त्या संस्थेचा निर्वाळा नव्हे. विकिमीडिया कॉमन्स जास्त काटेकोर आहे. तिथे कृती मायदेशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मुक्त असावी लागते आणि प्रत्येक फाइलच्या पानावर ‘Licensing’ या भागात कारण लिहावे लागते. ते कारण वाचून वर्षाचा हिशेब स्वतः करून पाहावा. indiancine.ma हा जुन्या भारतीय चित्रपटांचा टिपणांसह असलेला संग्रह अभ्यासकांना फार उपयोगी आहे. यूट्यूबवर एखादा चित्रपट चढवला आणि एखाद्या गाण्यामुळे हक्काचा दावा आला, तर तो बहुधा यंत्राने आवाज जुळवून केलेला असतो. तो बरोबरच असेल असे नाही आणि चूकच असेल असेही नाही. वरच्या पायऱ्यांतली वर्षे लिहून ठेवलेली असतील, तर उत्तर देता येते.

मुक्त असणे आणि उपलब्ध असणे यांत मात्र मोठे अंतर आहे. ‘आलम आरा’ या 1931 च्या पहिल्या भारतीय बोलपटावर आज कोणाचाही हक्क नाही, पण त्याची एकही प्रत ठाऊक नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही काही रिळेच उरली आहेत. ज्या प्रती आहेत, त्यांतल्या पुष्कळशा पुण्यात 1964 पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. ही संस्था 2022 पासून एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा भाग आहे. अभ्यासकांना तिथे अर्ज करून चित्रपट पाहता येतो. संग्रहालयाकडून प्रत हवी असेल, तर ते शुल्क आणि अटी लावू शकते, कारण प्रिंटची मालकी आणि कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रपट मुक्त झाला, म्हणून रीळ आपले होत नाही.

सहावी पायरी : चार लोकांना दाखवायचा असेल तर

शाळा-महाविद्यालयांना इथे खरी सवलत आहे. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, प्रेक्षक केवळ विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असतील, तर कॉपीराइट असलेला चित्रपटही दाखवता येतो. 52 व्या कलमात तशी तरतूद आहे. फलक लावून गावाला बोलावले, की ही सवलत संपते. हौशी मंडळांना फुकट प्रयोगासाठी दिलेली सवलत नाटक, साहित्य आणि संगीत यांच्यापुरती आहे, चित्रपटाला नाही. गणेशोत्सवातली मंडळे नेमकी इथेच चुकतात.

समजा, मंडळाला ‘श्यामची आई’ दाखवायचा आहे. चित्रपटासाठी परवाना लागत नाही, आणि पटकथा व गीते-संगीत यांच्या मुदती चालू असल्या, तरी स्वतःची मुदत संपलेला चित्रपट दाखवल्याने त्यांच्या हक्कांचा भंग होत नाही, असे 52 व्या कलमातच म्हटले आहे. चित्रपटाची स्वतःची मुदत चालू असेल, तर मात्र संगीतासाठी गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे चौकशी करावी, आणि चित्रपटासाठी जी कंपनी आज तो अधिकृतपणे वितरित करते तिच्याकडे. पत्रात चित्रपटाचे नाव, प्रदर्शनाचे वर्ष, दाखवण्याची तारीख व जागा, अंदाजे प्रेक्षकसंख्या आणि तिकीट आहे की नाही हे लिहावे, आणि उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे. कंपनीने आपल्याला पूर्ण हक्क असल्याचे सांगितले, तर ‘कोणत्या घटकांवर आणि कोणत्या वर्षापर्यंत’ असे नम्रपणे विचारावे. पुष्कळदा उत्तर फक्त त्यांच्या नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीपुरते असते आणि तेवढ्याने आपले काम भागते किंवा भागत नाही, ते तिथेच कळते.

सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉर प्रमाणपत्रही लागते आणि चित्रपटाचा कॉपीराइट संपला म्हणून ही अट संपत नाही, कारण ती 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याची आहे. पूर्वी प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षे असे, 2023 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आहे. प्रतीच्या सुरुवातीला प्रमाणपत्र दिसत असेल, तर त्यावरचा क्रमांक टिपून अर्जासोबत ठेवावा, आणि दिसत नसेल तर अशी प्रत घेऊन सभागृहात जाऊ नये.